रात्रीच्या शहराच्या बॅनरमधील प्रकाशरेषा वारंवार बिघडतात तेव्हा: प्रॉम्प्टची क्रमवार तपासणी

सोलापुरात फ्लेक्स आणि समाजमाध्यमांवरील जाहिराती तयार करण्याचे काम मी करतो. ब्रॉडबँड आणि मोबाइल रिचार्जच्या ऑफरसाठी येणारे बहुतेक ग्राहक एकच चित्र मागतात: रात्रीचे शहर, रस्त्यावरून वाहत गेलेल्या लाल-पांढऱ्या प्रकाशरेषा आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत ऑफर. हे चित्र आता प्रतिमा तयार करणाऱ्या एआय साधनाला लेखी सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, देऊन काढले जाते आणि प्रत्येक वेळी जवळपास त्याच ठिकाणी बिघडते. ते दुरुस्त करताना जो क्रम उपयोगी पडला, तो येथे मांडत आहे. सर्वांत सोपी आणि फुकट होणारी तपासणी आधी दिली असून वेळ व पैसा खाणारी शेवटी ठेवली आहे.

बिघाड कसा ओळखावा

आकाशात निळ्या-जांभळ्या चमकत्या तारा, पृथ्वीचा गोल किंवा वाय-फायची चिन्हे तरंगताना दिसतात. रस्त्यावर प्रकाशरेषा असतात, पण त्यांच्याच मध्ये एखादी गाडी नंबरप्लेट वाचता येईल इतकी स्पष्ट उभी असते. लाल आणि पांढऱ्या रेषा एकाच लेनमध्ये मिसळलेल्या असतात, किंवा त्यांच्या बाजू उलट असतात. इमारती चाळीस मजल्यांच्या असतात. चित्र स्वतंत्रपणे चांगले दिसते, पण मजकूर बसवला की वाचता येत नाही. यांपैकी दोन-तीन लक्षणे सहसा एकत्र येतात आणि म्हणूनच माणूस गोंधळून एकदम संपूर्ण प्रॉम्प्ट बदलतो. तसे करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि साधनात सीड क्रमांक, म्हणजे त्याच सुरुवातीपासून चित्र पुन्हा काढता येणारा आकडा, कायम ठेवण्याची सोय असेल तर तो कायम ठेवावा. म्हणजे फरक कशामुळे पडला हे कळते.

उदाहरणासाठी एकच काम शेवटपर्यंत घेतो. होटगी रस्त्यावरील एका इंटरनेट डीलरला सात रस्ता परिसरात लावण्यासाठी 20 बाय 10 फुटांचा फ्लेक्स हवा होता. मजकूर होता ‘₹499 मध्ये 100 एमबीपीएस’, खाली अटींची एक ओळ आणि फोन क्रमांक. त्यांच्या पुतण्याने आधीच एक प्रॉम्प्ट लिहून आणला होता:

```
night city, super fast 5G internet, light trails,
futuristic, Indian skyline, speed, 4k
```

पहिली तपासणी: प्रॉम्प्टमध्ये ऑफर शिरली आहे का?

या तपासणीला एक मिनिट लागते आणि माझ्या अनुभवात निम्मी चित्रे येथेच सुधारतात. `5G`, `internet`, `fast`, `speed`, `futuristic` हे शब्द आपल्या दृष्टीने ऑफरचे वर्णन असतात. साधनाच्या दृष्टीने मात्र ते चित्रात काय काढायचे याची यादी असतात. ज्या चित्रांवरून ही साधने शिकली, त्यांत असे शब्द बहुधा जाळ्यासारख्या चमकत्या रेषा, आकाशातील बिंदू आणि निळा-जांभळा रंग असलेल्या संगणकीय चित्रांखाली लिहिलेले असतात. त्यामुळे साधन रस्ता सोडून आकाशात तारा ओढते आणि खऱ्या प्रकाशरेषांचा रंगही निळा करून टाकते.

म्हणून उत्पादनाशी संबंधित प्रत्येक शब्द काढून टाकावा. वेग दाखवण्याचे काम प्रकाशरेषांचे आहे आणि इंटरनेटचा उल्लेख मजकुरात होणारच आहे. `4k` हा शब्दही काढावा, कारण त्याने आकारमान वाढत नाही. उलट चित्राला प्लास्टिकसारखी चकाकी येण्याची शक्यता वाढते. मजकूर तर प्रॉम्प्टमध्ये कधीच घालू नये. साधने देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा अनेकदा मोडतात, आणि ‘₹499’ चा एक अंक जरी बदलला तरी डीलरला ग्राहकांच्या दारात उत्तर द्यावे लागते. मजकूर नेहमी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करावा.

दुसरी तपासणी: लाल रेषा डावीकडे आहेत का?

ही चूक मला स्वतःला फार उशिरा कळली आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून. छापून आलेला फ्लेक्स प्रेसवरून न्यायला आलेल्या रिक्षाचालकाने तो उलगडून पाहिला आणि म्हणाला, “दादा, हितल्या गाड्या सगळ्या उजव्या अंगानं चालल्यात की.” त्याचे बरोबर होते.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. दुभाजकाच्या बरोबर वर, एखाद्या पादचारी पुलावर उभे राहून रस्त्याच्या लांबीच्या दिशेने पाहिले, तर आपल्यापासून दूर जाणारी वाहने डाव्या हाताला असतात आणि त्यांचे मागचे लाल दिवे दिसतात. आपल्याकडे येणारी वाहने उजव्या हाताला असतात आणि त्यांचे पांढरे हेडलाइट दिसतात. म्हणजे भारतातील खऱ्या छायाचित्रात लाल रेषा डावीकडे आणि पांढऱ्या उजवीकडे असल्या पाहिजेत. जगातील बहुतेक देशांत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे साधनांनी पाहिलेल्या छायाचित्रांतही तीच मांडणी अधिक आहे आणि चित्र बहुधा उलटे येते. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी परके असल्याचे त्याला जाणवते.

प्रॉम्प्टमध्ये `left-hand traffic` लिहून पाहावे, परंतु त्यावर विसंबू नये. डावे-उजवे पाळण्यात ही साधने कच्ची आहेत. सोपा उपाय असा की, चित्र आडवे उलटे करावे, म्हणजेच कोणत्याही सॉफ्टवेअरमधील ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ वापरावे. त्यात दोन अडचणी येतात. चित्रात पाट्या असतील तर त्यांची अक्षरे आरशातल्यासारखी होतात, आणि मजकुरासाठी ठेवलेली मोकळी जागा दुसऱ्या बाजूला जाते. डीलरला ऑफर डावीकडे हवी होती, म्हणून मी मोकळे आकाश मुद्दाम उजवीकडे मागितले आणि नंतर चित्र उलटवले. हा निर्णय आधी घेतला नाही, तर पुढची सर्व मांडणी दुसऱ्यांदा करावी लागते.

बाजू तपासताना एक रेषा जवळून दूरपर्यंत बोटाने मागोवा घेत न्यावी. ती मध्येच दुभाजक ओलांडत असेल, लालची पांढरी होत असेल किंवा एखाद्या भिंतीत शिरत असेल, तर ते चित्र उलटवून सुधारत नाही. ते टाकून द्यावे.

तिसरी तपासणी: प्रॉम्प्ट छायाचित्राचे वर्णन करतो की भावनेचे?

स्पष्ट गाडी आणि प्रकाशरेषा एकत्र दिसण्याचे मूळ येथे आहे, आणि ते समजण्यासाठी खऱ्या कॅमेऱ्यात काय घडते ते माहीत असावे लागते. लाँग एक्स्पोजरमध्ये शटर काही सेकंद उघडे राहते आणि तेवढ्या वेळात आलेला सर्व प्रकाश एकाच चित्रात साठत जातो. गाडीचे शरीर काळोखे असते आणि कोणत्याही एका जागी ते क्षणभरच असते, म्हणून त्याची नोंद जवळजवळ होत नाही. दिवा मात्र इतका प्रखर असतो की त्याच क्षणात तो आपली खूण सोडून जातो आणि अशा खुणा जोडल्या जाऊन सलग रेषा बनते. इमारती, खांब आणि झाडांची खोडे हलत नाहीत, म्हणून ती सुस्पष्ट येतात. त्यामुळे चालत्या वाहनांच्या रेषांमध्ये चालतीच गाडी स्पष्ट दिसणे शक्य नाही. फक्त उभी गाडी तशी दिसू शकते.

आता किती सेकंद लिहायचे? ताशी 40 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 11 मीटर जाते. पुलावरून दिसणारा रस्ता 150 मीटर धरला, तर एका वाहनाला तो पार करण्यास साधारण 14 सेकंद लागतील. अर्ध्या सेकंदात त्याच रस्त्यावर केवळ पाच-सहा मीटरचा तुकडा उमटेल आणि गाडी अस्पष्ट, ओढल्यासारखी दिसेल. म्हणून `15 second exposure` हे विधान चित्राशी जुळणारे आहे. साधन हे गणित करत नाही, हे येथे स्पष्ट करायला हवे. त्याने फक्त शब्द आणि चित्रे यांच्या जोड्या पाहिल्या आहेत. परंतु छायाचित्रकार आपल्या अशा छायाचित्रांखाली सेकंद, ट्रायपॉड, `f/11`, `ISO 100` असेच लिहितात आणि म्हणून हे शब्द साधनाला योग्य प्रकारच्या चित्रांकडे नेतात. `dynamic`, `energetic`, `stunning` अशा शब्दांत ती ओढ नाही.

दुसरी खबरदारी नकाराची आहे. `no cars` असे वाक्यात लिहिले की अनेकदा गाड्याच वाढतात, कारण शब्द तर गाडीचाच आला. नकारासाठी वेगळा रकाना असेल किंवा मिडजर्नीतील `--no cars` यासारखी सोय असेल, तर ती वापरावी. नसेल तर जे हवे ते सांगावे: रस्त्याचा पृष्ठभाग रिकामा, त्यावर फक्त रेषा.

रेषांचा पोत हाही सांगण्याचा विषय आहे. साधने जाड, गुळगुळीत रिबिनीसारख्या रेषा काढतात, कारण तशी चित्रे बहुधा मोटारींनी भरलेल्या महामार्गांची असतात. सोलापूरच्या रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षा भरपूर. दुचाकीची रेषा एकटी आणि बारीक असते, मोटारीच्या रेषा जोडीने जातात, आणि एसटी गाडीच्या वरच्या दिव्यांची रेषा इतरांच्या डोक्यावरून जाते. `thin uneven trails, some single, some in pairs` एवढे लिहिले तरी चित्र आपल्या रस्त्याच्या पुष्कळ जवळ येते. रेषा दिव्यांच्या उंचीवर, म्हणजे रस्त्यापासून फार तर कमरेएवढ्या उंचीवर असाव्यात. बसच्या वरच्या दिव्यांचा तेवढा अपवाद.

चौथी तपासणी: शहर कोणते आहे?

`Indian skyline` लिहिले की समुद्रकिनाऱ्याचे महानगर किंवा काचेचे मनोरे येतात. शहराचे नाव लिहून फारसा उपयोग होत नाही. दिसणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. दोन ते चार मजली इमारती, खाली शटर असलेली दुकाने, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, रस्त्याकडेला कडुनिंब, दुभाजकावर दिव्यांचे खांब. दुकानांच्या पाट्या `unlit plain signboards` अशा मागाव्यात, म्हणजे त्यांवर अक्षरांसारखी निरर्थक चिन्हे उमटण्याचा धोका कमी होतो आणि चित्र उलटवले तरी काही बिघडत नाही.

मात्र ओळखीची वास्तू एआयकडून काढून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तळ्यातील सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला किंवा महापालिकेची इंद्रभुवन इमारत मागितली, तर साधन मंदिर, किल्ला आणि जुनी इमारत या कल्पनांची सरासरी काढून देते. बाहेरगावच्या माणसाला ती चालून जाईल, पण हा फ्लेक्स बाहेरगावच्या माणसासाठी नाही. ज्याने लहानपणापासून गड्ड्याची यात्रा पाहिली आहे, तो चुकीचा कळस एका क्षणात ओळखतो आणि मग ऑफरचा आकडा खरा असला तरी त्यावरील त्याचा विश्वास कमी होतो.

पाचवी तपासणी: मजकुराला शांत जागा आहे का?

येथे वेळ जास्त लागतो, कारण मांडणी बदलली की चित्र पुन्हा काढावे लागते. प्रकाशरेषा दूर एका बिंदूकडे धावतात आणि नजर त्यांच्यामागे तिथेच जाते. तो बिंदू चित्राच्या मध्यावर असेल, तर मजकूर कुठेही ठेवला तरी त्याची रेषांशी स्पर्धा होते. देवनागरीची अडचण याहून मोठी आहे. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. तिच्या मागून जवळजवळ आडवी पांढरी प्रकाशरेषा गेली की दोन्ही एकमेकींत मिसळतात. वेलांटी आणि अनुस्वार वरच्या रेषांत, तर उकार खालच्या रेषांत हरवतात. रोमन लिपीतील नमुना पाहून केलेली मांडणी मराठीत का चालत नाही, याचे कारण बहुतेकदा हेच असते.

म्हणून रस्ता खालच्या तिसऱ्या भागात आणि एका बाजूला मागावा, आणि उरलेल्या जागेसाठी `plain dark blue sky` असे ठोस शब्द वापरावेत. `copy space` हा शब्द काही साधनांना कळतो, काहींना कळत नाही. आकाश सर्वांना कळते. अटींच्या ओळीसाठीही जागा लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी सूचना मूळ दाव्याच्याच भाषेत व त्याच टंकात असली पाहिजे आणि ती ठळकपणे दिसली पाहिजे. रस्त्यावरील रेषांवर बारीक अक्षरांत बसवलेली ओळ या कसोटीला उतरत नाही. मी चित्राच्या तळाशी सपाट गडद पट्टी वेगळी जोडतो आणि अटी तिथे देतो.

तपासण्याची रीत अशी: मजकूर बसवून चित्र कृष्णधवल करावे आणि मोबाइलवर अंगठ्याएवढे करून हात लांब धरून पाहावे. ‘₹499’ वाचता आले नाही, तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही येणार नाही. मजकुरामागे सावली किंवा चौकट घालून वेळ मारून नेण्यापेक्षा रस्ता आणखी खाली सरकवून चित्र पुन्हा काढणे बरे.

होटगी रस्त्याच्या कामात शेवटी ठरलेला प्रॉम्प्ट असा होता. मोकळे आकाश उजवीकडे आहे, कारण चित्र नंतर उलटवायचे होते:

```
Long exposure night photograph, 15 second exposure,
f/11, ISO 100, tripod, view from a footbridge along a
divided road. Thin uneven red and white light trails at
headlamp height, some single, some in pairs, empty asphalt.
Road in lower left. Two to four storey shops, rooftop
water tanks, neem trees, unlit plain signboards.
Plain dark blue sky fills the upper and right side.
```

सोळा चित्रांपैकी तीन उपयोगी वाटली. त्यांतील दोन चित्रांत एक-दोन रेषा खांबातून गेल्या होत्या, म्हणून ती सोडली. तिसरे घेतले आणि उलटवले.

सहावी तपासणी: छपाईला पुरेल एवढे चित्र आहे का?

पडद्यावर सुंदर दिसलेले चित्र फ्लेक्सवर फुटते, याचे कारण साधे आहे. 20 फूट म्हणजे 240 इंच. साधनाने दिलेले चित्र 1536 बिंदू रुंद असेल, तर एका इंचाला जेमतेम 6 बिंदू मिळतात. चौपट मोठे केल्यावर 6144 बिंदू होतात, म्हणजे इंचाला सुमारे 25. दुरून पाहायच्या फ्लेक्सला तेवढे पुरते. दुकानाच्या काउंटरवरील पोस्टरला पुरत नाही.

मोठे करताना दोन दोष येतात. सरळ रेषा बारीक लाटांसारख्या थरथरतात, आणि गडद आकाशात निळ्या छटांचे पट्टे दिसू लागतात. पट्ट्यांवर अगदी हलका दाणेदार पोत घालणे हा उपाय चालतो. थरथरलेल्या रेषा मात्र हाताने पुन्हा ओढाव्या लागतात. फाइल प्रेसला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवली की ती लहान होते आणि सर्व मेहनत वाया जाते. पडद्यावरील झळाळता लाल आणि निळा शाईत तसाच उतरत नाही, म्हणून पूर्ण फ्लेक्स छापण्याआधी रेषा आणि आकाश दोन्ही येतील असा फूटभर पट्टा छापून पाहावा. त्याचा खर्च पूर्ण फ्लेक्स पुन्हा छापण्याच्या मानाने फारच थोडा असतो.

कुठे थांबावे

वरील तपासण्या करून तीस-चाळीस चित्रे काढली आणि तरीही रेषा लेनमध्ये बसत नसतील, तर प्रॉम्प्टला आणखी विशेषणे जोडून काही होणार नाही. ग्राहकाला सात रस्ता चौक किंवा सिद्धेश्वर तलाव ओळखता यायलाच हवा असेल, तर पहिल्याच दिवशी थांबावे आणि छायाचित्रकाराला बोलवावे. त्याला सूर्यास्तानंतरची साधारण अर्ध्या तासाची वेळ सांगावी, कारण त्या वेळी आकाशात निळा रंग शिल्लक असतो आणि दिवेही लागलेले असतात. एकाच जागेवरून घेतलेली 15 सेकंदांची आठ-दहा छायाचित्रे एकावर एक रचून, प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू राखला की, वाहने कमी असली तरी रस्ता रेषांनी भरतो. ट्रायपॉड रस्त्याच्या मध्ये किंवा दुभाजकावर लावू नये. पादचारी पूल किंवा परवानगी घेतलेली गच्ची हीच योग्य जागा.

रेषा हाताने ओढण्याची वेळ आली आणि तुम्हाला लेयर व मास्क यांची सवय नसेल, तर ते काम अनुभवी रिटचरकडे द्यावे. चाचणीच्या पट्ट्यावर लाल रंग विटकरी आला, तर चित्राला हात न लावता आधी प्रेसच्या ऑपरेटरशी बोलावे, कारण दोष पुष्कळदा मशीनच्या रंग-प्रोफाइलमध्ये असतो. कंपनीचे बोधचिन्ह आणि ऑफरचे शब्द कंपनीकडूनच लेखी मागवून घ्यावेत. होटगी रस्त्याच्या डीलरला ते मिळण्यास दोन दिवस लागले आणि तोपर्यंत आम्ही फ्लेक्स छपाईला दिला नाही.